पिशवीत ‘त’ किती घालावेत?

यंदाच्या अंकाचा विषय ‘अक्षर’ ठरल्यावर संपादकांनी एक साधा वाटणारा प्रश्न पुढे केला: शब्द जुळवण्याचा पटावरचा खेळ मराठीत करायचा झाला, तर पिशवीत कोणत्या अक्षराच्या किती सोंगट्या घालायच्या आणि कुणाला किती गुण द्यायचे? इंग्रजीत हा प्रश्न एका बेकार झालेल्या वास्तुविशारदाने सोडवला. महामंदीत आल्फ्रेड बट्स या अमेरिकन माणसाची नोकरी गेली. त्याने न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वर्तमानपत्रांची पाने समोर घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते हाताने मोजले आणि त्या मोजणीवर खेळाची वाटणी बसवली. पुढे १९४८ साली त्या खेळाला स्क्रॅबल हे नाव मिळाले. शंभर सोंगट्यांत ‘ई’च्या बारा आणि ‘क्यू’ व ‘झेड’च्या एकेकच, शिवाय या दोघांना दहा-दहा गुण. दुर्मीळ त्याला जास्त गुण आणि मुबलक त्याला एक, असा हा हिशेब.

मग मराठीतही हेच करावे, चार वर्तमानपत्रे घ्यावीत, अक्षरे मोजावीत आणि शंभरात वाटून टाकावीत, असे कुणालाही वाटेल. पण तसे केले तर खेळ बिघडतो. मोजायचे काय आणि कशात, हे आधी खेळाच्या नियमांनी ठरवावे लागते. नियम बदलला की तोच मजकूर वेगळे आकडे देतो, आणि तो फरक थोडाथोडका नसतो.

एका उताऱ्याची मोजणी

हे दाखवण्यासाठी मुद्दाम साधा ठेवलेला एक उतारा घेऊ. ‘पावसाळा संपला की गावातल्या बाजारात भाजी स्वस्त होते. शेतकरी सकाळी लवकर माल घेऊन येतात आणि दुपारी घरी परत जातात.’ एकोणीस शब्द. आपल्या वर्तमानपत्रांतल्या शब्दकोड्यांत एका चौकोनात एक पूर्ण अक्षर बसते, मग त्याला काना असो, वेलांटी असो की ते जोडाक्षर असो. त्याच पद्धतीने मोजले तर इथे ५४ अक्षरे भरतात. आता ५४ पैकी वेगवेगळी किती? ३९. त्यांतली २९ अक्षरे एकदाच आलेली आहेत. ‘भा’ एकदा, ‘जी’ एकदा, ‘घे’ एकदा, ‘स्व’ एकदा. म्हणजे पूर्ण अक्षराचीच सोंगटी करायची म्हटले, तर एवढ्याशा उताऱ्यालाच ३९ प्रकारच्या सोंगट्या लागतात. चौतीस व्यंजनांची बाराखडी चारशेच्या वर जाते आणि जोडाक्षरे त्याहून निराळी. ती सगळी एका पिशवीत मावत नाहीत, आणि मावली तरी हातात आलेल्या ‘घे’चा ‘घर’ करता येत नाही म्हणून खेळाडू हातावर हात ठेवून बसतो.

ही अडचण नवी नाही. खिळे जुळवून छापण्याच्या काळात मराठी छापखान्यांनी ती रोज सोसली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. अशा छापखान्यातल्या जुळाऱ्यापुढची केस रोमन लिपीच्या केसपेक्षा कितीतरी मोठी असे, कारण व्यंजने, त्यांची अर्धी रूपे, मात्रा आणि जोडाक्षरे यांचे खिळे निरनिराळे ठेवावे लागत. कोणता खिळा किती घ्यायचा, हा सोंगट्यांच्या वाटणीचाच प्रश्न होता. मात्र जुळाऱ्याला जे छापायचे असेल ते सगळे जुळवावे लागे. खेळाडू जे नियमात बसते तेवढेच मांडतो. त्यामुळे छापलेल्या मजकुराचे प्रमाण केसला जसेच्या तसे लागू पडते, पिशवीला पडत नाही.

दुसरी वाट म्हणजे सगळे सुटे करायचे: व्यंजन वेगळे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडण्याचे चिन्हही वेगळे. संगणक मजकूर असाच साठवतो, त्यामुळे मोजायला ही वाट सोपी वाटते. पण आपल्या उताऱ्यात ५४ पैकी १७ अक्षरांना काना आहे. सुटे केलेले सगळे तुकडे मोजले तर ते ९१ होतात, म्हणजे दर पाच-सहा तुकड्यांमागे एक काना पडतो. इंग्रजीतला ‘ई’ शंभरात बारा आहे, आमचा काना त्याला सहज मागे टाकतो. ज्याच्या हातात तीन काने आणि दोन वेलांट्या आल्या, तो व्यंजन मिळेपर्यंत काहीच मांडू शकत नाही. त्यात ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या डावीकडे काढली जाते. उभ्या ओळीत ती वरच्या चौकोनात ठेवायची की खालच्या, याला समाधानकारक उत्तर नाही.

म्हणून तिसरी वाट घ्यावी, असे माझे मत आहे. सोंगटीवर फक्त व्यंजन किंवा सुटा स्वर असावा, म्हणजे ‘क’, ‘त’, ‘र’, ‘अ’. मांडताना खेळाडूने हवी ती मात्रा किंवा अनुस्वार पुसता येणाऱ्या पेनने सोंगटीवर लिहावा, आणि एकदा लिहिला की तो डाव संपेपर्यंत बदलू नये. जोडाक्षरासाठी दोन सोंगट्या एकाच चौकोनात एकावर एक ठेवाव्यात आणि दोन्हींचे गुण मिळावेत. या हिशेबाने उताऱ्यातल्या ३९ प्रकारांचे २२ होतात आणि तीन जोडाक्षरांमुळे सोंगट्या ५७ लागतात. हिब्रू भाषेतला स्क्रॅबल असाच स्वरचिन्हांवाचून खेळला जातो, तेव्हा व्यंजनांवर खेळ उभा राहू शकतो यात शंका नको. फरक एवढाच की तिथे स्वरचिन्हे लिहीतच नाहीत, आणि इथे ती लिहून कायम करायची आहेत.

मात्रा फुकट दिल्या तर खेळ पोरकट होईल?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. इंग्रजी खेळाची चुरस स्वर आणि व्यंजने यांचा मेळ घालण्यात आहे. मात्रा फुकट मिळाल्या तर कुणीही काहीही जुळवील. ‘क, म, ल’ हातात असले की कमल, कमाल, कोमल, मूक, माकूल, लोक असे कितीतरी शब्द निघतात, हे खरे आहे. हात मोकळा होतो. पण जेवढा हात मोकळा होतो तेवढा पट आवळला जातो. पटावर ‘सकाळ’ मांडलेला असेल, तर त्याच्या ‘का’वरून खाली जाणाऱ्या शब्दात ‘का’च हवा. काम, कान, मका, टाका चालतील. कप, कोट, किल्ला चालणार नाहीत. रोमन अक्षराच्या चौकोनातून कोणताही शब्द जाऊ शकतो, इथे मात्र लिहिलेल्या अक्षराला स्वर बांधलेला असतो. चुरस हातातून पटावर सरकते, ती नाहीशी होत नाही.

हे गुणांच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण मराठी शब्द कसा वाढतो ते यातून कळते. इंग्रजीत मांडलेल्या शब्दाच्या शेवटी एक ‘एस’ लावला की अनेकवचन होते आणि पूर्ण शब्दाचे गुण पुन्हा मिळतात. बट्सने हे हेरले होते. ‘एस’ मजकुरात भरपूर येतो, तरी त्याने त्याच्या चारच सोंगट्या ठेवल्या. मराठीत अनेकवचन शेपटी लावून होत नाही, शेवटचे अक्षरच बदलते. घरचे घरे, झाडचे झाडे, गाडीचे गाड्या. शाळाचे तर शाळाच. बांधलेली मात्रा बदलता येत नसल्याने ‘घर’चे ‘घरे’ करताच येत नाही. त्यावर आपले शुद्धलेखन आणखी एक कुलूप लावते. ‘फूल’मधला ‘फू’ दीर्घ, ‘फुले’मधला ऱ्हस्व. वीट आणि विटा, मूल आणि मुले, बहीण आणि बहिणी, सगळीकडे तेच. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतला हा ऱ्हस्वदीर्घाचा भाग शाळेत जाचक वाटतो. पटावर तोच भाग शब्दाची राखण करतो.

मग मराठीत ‘एस’ची जागा कोण घेते? ती घेते ‘णे’. खेळ-खेळणे, बोल-बोलणे, चाल-चालणे, मार-मारणे, गाळ-गाळणे, तळ-तळणे. अगदी ‘बस’ आणि ‘कर’ हे शब्दसुद्धा बसणे आणि करणे होतात. आधीच्या एकाही अक्षराला धक्का न लावता एका सोंगटीत शब्द वाढतो. ‘ण’ने मराठी शब्द सुरू होत नाही, म्हणून तो अडचणीचा ठरेल असे वरवर वाटते. प्रत्यक्षात एकट्या या शेपटीमुळे तो हातातली सर्वांत उपयोगी सोंगटी ठरतो. म्हणून मोजणी काहीही सांगो, त्याच्या सोंगट्या तीनवर थांबवाव्यात, आणि त्या कमी आहेत म्हणून गुण मात्र वाढवू नयेत.

शब्द कशाला म्हणायचे?

सर्वांत मोठा घोळ यापुढे आहे. उताऱ्यातल्या ५७ व्यंजन-स्वरांत ‘त’ दहा वेळा येतो, इतर कुणाहीपेक्षा जास्त. त्याच्या मागे ‘र’ सहा वेळा. या आकड्यांवर वाटणी केली तर शंभर सोंगट्यांत ‘त’च्या सतरा-अठरा होतील. पण हे दहा ‘त’ कुठून आले ते पाहू. शेतकरी, परत आणि स्वस्त या शब्दांत तो अंगचा आहे, म्हणजे तीनदा. ‘गावातल्या’ आणि ‘बाजारात’मध्ये तो सप्तमीच्या प्रत्ययातून आला आहे, म्हणजे दोनदा. उरलेले पाच होते, येतात आणि जातात या क्रियापदांच्या रूपांतले. दहापैकी सात व्याकरणाचे आहेत.

आता याच उताऱ्यातले शब्द शब्दकोशात सापडतील तसे लिहू: पावसाळा, संपणे, की, गाव, बाजार, भाजी, स्वस्त, होणे, शेतकरी, सकाळ, लवकर, माल, घेणे, येणे, आणि, दुपार, घर, परत, जाणे. ‘त’ दहावरून तीनवर आला. उलट ‘ण’ आधी फक्त ‘आणि’मध्ये एकदा होता, तो सहावर गेला, कारण कोशात प्रत्येक क्रियापद ‘णे’ घेऊन उभे असते. मजकूर तोच आणि मोजणाराही तोच. केवळ मूळ रूप की चालू रूप, एवढ्या एका निर्णयाने दोन अक्षरांची जागा उलटीपालटी झाली. ‘झ’चीही अशीच गंमत होते. बातम्यांत झाला, झाली, झाले यांचा पाऊस असतो, म्हणून मोजणीत ‘झ’ चांगला वर येतो. पण हे सगळे शब्द कोशात ‘होणे’खाली जातात आणि ‘झ’कडे झाड, झोप, झरा, ओझे एवढेच घरचे शब्द उरतात.

तेव्हा कोणती रूपे चालतील ते आधी ठरवायला हवे. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये लावलेली रूपे बाद करावीत, असे मला वाटते. आपण ती शब्दाला जोडूनच लिहितो: नदीला, नदीत, नदीने, नदीजवळ, नदीपासून, नदीपलीकडे, नदीपलीकडच्या. मात्रा बांधलेली असल्यामुळे ‘घर’चे ‘घराला’ होत नाही हे ठीक, पण ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दाचे एकवचनी सामान्यरूप बदलत नाही. त्यामुळे नदी, वही, गाडी, पोळी अशा प्रत्येक शब्दाला वाटेल तेवढी शेपटी जोडता येईल. अशी यादी कधी पुरी होणार नाही, आणि यादी पुरी होत नसेल तर ‘हा शब्द आहे का’ या वादाचा निकाल लागणार नाही.

क्रियापदांची रूपे मात्र ठेवावीत. इथे दुसरा आक्षेप येतो की, मग एकेका धातूची पंचवीस-तीस रूपे होऊन यादी फुगेल, फक्त मूळ रूपे ठेवणे सोपे नाही का? सोपे आहे, पण घरी खेळायला बसलेल्या नातवाने ‘जातो’ मांडला आणि आजीने तो शब्द नव्हे म्हणून उचलायला लावला, तर खेळ तिथेच संपेल. ‘जातो’, ‘केली’, ‘बसा’ हे बोलण्यातले पूर्ण शब्द आहेत. ‘गावात’ही आहे, पण त्याची रांग संपत नाही. क्रियापदाची रूपे कितीही असली तरी मोजता येतात आणि छापता येतात. एवढे केले की मोजायचा मजकूर आपोआप ठरतो. चालू लेखन घ्यायचे, नामांचे प्रत्यय सोडवून टाकायचे, क्रियापदे आहेत तशी ठेवायची, आणि प्रत्येक वेगळा शब्द एकदाच मोजायचा, कारण ‘आणि’ मजकुरात हजारदा आला म्हणून पटावर हजारदा मांडला जात नाही. आपल्या उताऱ्यात सप्तमीचे दोन गेले की ‘त’ आठवर येतो. खऱ्या वाटणीसाठी अर्थातच एक उतारा पुरत नाही. कथा, बातम्या, पाककृती, शेतीची सदरे आणि मुलांची पुस्तके अशा निरनिराळ्या लेखनातले काही लाख शब्द घ्यावे लागतात. नुसत्या बातम्या घेतल्या तर शासन, समिती, अध्यक्ष अशा शब्दांनी तराजू झुकतो.

मोजणी संगणकावर करताना ‘र’कडे विशेष लक्ष द्यावे. ‘सूर्य’मधला रफार, ‘प्रकाश’मधला र, ‘राष्ट्र’मधला खालचा र आणि ‘दऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र ही सगळी एकाच सोंगटीची रूपे आहेत. पण युनिकोडमध्ये शेवटच्या रूपासाठी बहुधा ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह वापरले जाते आणि ते ‘र’मध्ये मिळवायचे राहून जाते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ संगणकाला अनुक्रमे क-ष आणि ज-ञ दिसतात. ते तसेच मोजले तर ‘ष’ फुगतो आणि मराठीत एरवी न लागणारा ‘ञ’ यादीत येतो. मुळाक्षरे शिकताना मूल ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अखंड शिकते, तर त्यांच्या सोंगट्याही अखंडच असाव्यात. स्पॅनिश खेळात दोन ‘एल’ची एक सोंगटी अशाच कारणाने आहे. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांना पिशवीत जागा देऊ नये. ‘वाङ्मय’ मांडायचा असेल त्याने कोरी सोंगटी वापरावी.

दुर्मीळ आणि अवघड यांतला फरक

सोंगट्यांची संख्या मोजणीतून बरीचशी निघते, गुण मात्र निघत नाहीत. कमी आढळते म्हणून अक्षर अवघड असतेच असे नाही. ‘ढ’ आणि ‘छ’ दोन्ही विरळ आहेत. पण ‘ढ’ सुरुवातीला चालतो, ढग आणि ढोल आहेत, आणि शेवटीही चालतो: वाढ, चढ, ओढ, दाढी, पेढा. दोन चौकोनांत तो कुठेही बसतो. ‘छ’ मात्र छत, छाप, छान असा बहुधा सुरुवातीलाच येतो. इच्छा किंवा स्वच्छमध्ये यायचे तर त्याला ‘च’ची सोबत लागते, म्हणजे हातात आणखी एक नेमकी सोंगटी हवी. नुसत्या मोजणीवर दोघांना सारखे गुण मिळतील. खेळताना ‘छ’ला आठ आणि ‘ढ’ला सहा देणे न्यायाचे ठरेल. ‘ळ’चीही पारख अशीच करावी. तो शब्दाच्या आरंभी कधीच येत नाही, तरी फळ, वेळ, बाळ, गूळ, शाळा, डोळा, पोळी, केळी अशा दोन-अक्षरी शब्दांत शेवटी इतका रुळलेला आहे की त्याला दोन गुण पुरेत. ‘ष’ भाषा, विषय, दोष यांत सुटा भेटतो, पण बहुतेक वेळा ष्ट, ष्ण, ष्य असा जोडून येतो आणि आरंभी जवळजवळ नसतोच. त्याला सात द्यावेत.

दुर्मिळतेच्या थेट प्रमाणात गुण ठेवायचे नाहीत, हेही इथेच सांगायला हवे. एखादे अक्षर दुसऱ्याच्या चाळीसपट विरळ असेल म्हणून त्याला चाळीस गुण दिले, तर ज्याच्या हातात ती सोंगटी आली तो नशिबानेच जिंकला असे होईल. म्हणून एक ते आठ-दहा यांमध्येच सगळे दाबून बसवतात. बट्सनेही तेच केले.

या सगळ्यातून एक कच्ची वाटणी मांडता येते. ‘र’ आठ, ‘त’ सात. क, ल, न, स प्रत्येकी सहा. म, व, प, य पाच-पाच. द, च, ग, ह, ब, ज आणि मुद्दाम अडवलेला ‘ण’ तीन-तीन. ट, ड, श, ध, ख, भ, ळ दोन-दोन. घ, थ, फ, झ, ठ, छ, ढ, ष, क्ष आणि ज्ञ एकेक. स्वरांच्या दहा: ‘अ’च्या पाच, त्यातूनच आ, ओ, औ, ॲ, ऑ करता येतील, इ-ई आणि उ-ऊ यांच्या दोन-दोन, ए-ऐची एक. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली अ-ची बाराखडी स्वीकारली तर हे सगळे स्वर एका ‘अ’वर भागतील, पण ‘अि’ लिहायची सवय आज कुणाला उरलेली नाही. दोन सोंगट्या कोऱ्या. एकूण ११६. शंभरचा आकडा पाळण्याचे कारण नाही, आपली मुळाक्षरेच रोमनपेक्षा जास्त आहेत.

ही वाटणी बरोबर आहे की नाही ते पटावर कळेल, आणि कळण्याची खूण ठरलेली आहे. डाव संपताना प्रत्येकाच्या हातात कोणत्या सोंगट्या उरल्या ते टिपून ठेवायचे. ‘फ’ किंवा ‘ठ’ वारंवार हातात अडकून राहत असेल, तर त्याचे गुण कमी पडताहेत किंवा तो दोन अक्षरांत बसत नाही. ‘ण’ कधीच उरत नसेल आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या शब्दाला शेपटी म्हणूनच लागत असेल, तर तीनही जास्त आहेत. सगळे खेळाडू हातात ‘त’ साठवून बसत असतील, तर मोजणीत प्रत्यय नीट सोडवले गेलेले नाहीत. दुरुस्ती करताना एका वेळी एकाच अक्षराची संख्या किंवा गुण यांपैकी एकच गोष्ट बदलावी. दोन्ही एकदम बदलल्या तर पुढच्या डावात हातात उरलेली सोंगटी कशामुळे उरली ते सांगता येत नाही.